१ तारखेचा फ्लॅट १७ तारखेला मिळाला: भाडं कसं कमी करून घ्यायचं

गेल्या जूनमध्ये आम्ही नाशिकहून पुण्याला शिफ्ट झालो. २६ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, १ जून ते ३० एप्रिल. मे महिन्यातच एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला, रजिस्ट्रेशन झालं, डिपॉझिट आणि जूनचं भाडंही ट्रान्सफर केलं. आणि चावी मिळाली १७ जूनला. जुना भाडेकरू वेळेत गेला होता, पण मालक काकांच्या मनात आलं की आता फ्लॅट रिकामा आहेच तर किचनच्या ट्रॉल्या आणि एक वॉर्डरोब करून घेऊ, आणि सुतार म्हणजे सुतारच, दोन दिवसांचे सोळा दिवस झाले.

हे सगळं निस्तरताना बरंच शिकले, म्हणून एकेक करून सांगते. हे सगळं महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल आहे. आणि आधीच एक सांगून टाकते कारण मला तीन जणांनी हा सल्ला दिला होता, रेराचा इथे काही संबंध नाही. बिल्डरने फ्लॅटचा ताबा उशिरा दिला तर व्याज वगैरे मिळतं ते विकत घेणाऱ्याला, भाडेकरूला नाही.

आधी दोन पैसे वेगळे करा

उशीर झाला की डोक्यात सगळा राग एकत्र असतो, पीजीचे पैसे, टेम्पोचे पैसे, भाडं, रजा गेली, मनस्ताप. मालकासमोर हे सगळं एकत्र ओतलं की तो सगळंच उडवून लावतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेगळे खाने करायचे.

पहिला खाना म्हणजे ज्या दिवसांत घर तुमच्या ताब्यातच नव्हतं त्या दिवसांचं भाडं. ही भरपाई वगैरे नाही, हा साधा हिशोब आहे. भाडं कशाचं देतो आपण? घर वापरण्याचं. घर द्यायचं काम आधी मालकाचं, मग भाड्याचं आपलं. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ च्या कलम ५४ मध्ये हेच तत्त्व आहे की एकाचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याचं होऊ शकत नसेल आणि पहिल्याने ते केलं नाही, तर त्याला दुसऱ्याकडे तगादा लावता येत नाही. या खान्यात घासाघीस होते ती फक्त दिवस किती यावर.

दुसरा खाना म्हणजे उशिरामुळे तुमच्या खिशातून गेलेला जादा खर्च. पीजी, सामान गोडाऊनला ठेवल्याचं भाडं, दुसऱ्यांदा टेम्पो. ही खरी नुकसानभरपाई, कलम ७३ खाली येते, आणि इथे बिलं लागतात, शिवाय खर्च कमी ठेवायचा तुम्ही प्रयत्न केलात का हेही बघितलं जातं. म्हणजे थ्री स्टार हॉटेलात सोळा दिवस राहून बिल मालकाला दाखवलंत तर ते चालणार नाही.

चावी घ्यायच्या क्षणी काय लिहायचं (हे चुकलं की अर्धं गेलं)

बहुतेक लोक इथेच फसतात, आणि मीही फसले असते जर माझ्या मामेभावाने, जो वकिली करतो, आदल्या रात्री फोनवर ओरडून सांगितलं नसतं तर.

त्याच कायद्यातलं कलम ५५ वेळेवर न पाळलेल्या वचनाबद्दल आहे. त्याचा शेवटचा भाग असा की, वेळ महत्त्वाची होती, समोरच्याने ती चुकवली, त्यामुळे तुम्ही करार मोडू शकत होतात, पण तुम्ही तो न मोडता उशिरा दिलेली गोष्ट घेतलीत, तर मग उशिराची भरपाई मागता येत नाही, अपवाद एकच, घेतानाच तुम्ही समोरच्याला कळवलेलं असलं पाहिजे की मी भरपाई मागणार आहे. घेतानाच, म्हणजे नंतर दहा दिवसांनी राग आल्यावर नाही.

आता तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये वेळ तेवढी महत्त्वाची धरली जाईल की नाही हे कोर्टात ठरतं, तशी धरली गेली नाही तर या अटीशिवायही भरपाई मागता येते. पण आपल्याला ते आज माहीत नसतं ना, आणि एक मेसेज टाकायला दोन मिनिटं लागतात. म्हणून डोळे झाकून टाकायचाच.

होतं काय की इतके दिवस वाट बघून चावी हातात येते तेव्हा माणूस इतका सुटतो की "थँक्यू काका 🙏" लिहून मोकळा होतो. तो थँक्यूचा मेसेज नंतर तुमच्याच विरुद्ध दाखवला जातो. आभार माना, पण त्याच मेसेजमध्ये बाकीचं पण लिहा. मी हे पाठवलं होतं:

"काका, आज १७ जून सकाळी ११ वाजता फ्लॅटच्या तीन चाव्या मिळाल्या, धन्यवाद. ॲग्रीमेंटप्रमाणे ताबा १ जूनला मिळायचा होता. उशिरा मिळालेला ताबा आम्ही घेतोय, पण १ ते १६ जूनचं भाडं कमी होण्याबद्दल आणि उशिरामुळे झालेल्या जादा खर्चाबद्दल आमचं म्हणणं कायम आहे. हिशोब चार दिवसांत पाठवते. आजचं मीटर रीडिंग ४३१२, फोटो सोबत."

बघा यात भांडण नाही, धमकी नाही, कायद्याचं कलम नाही. तारीख, वेळ, किती चाव्या, काय कायम आहे, संपलं. काकांनी त्यावर अंगठा दाखवला 👍, जे मला हवंच होतं, निदान मेसेज मिळाल्याचा तरी पुरावा झाला. हाच मजकूर मी ईमेलनेही पाठवला कारण व्हॉट्सॲपवर समोरचा डिलीट करतो, फोन बदलतो, आणि मग स्क्रीनशॉट काढत बसावं लागतं.

मीटर रीडिंग का, तर सुताराने सोळा दिवस कटर आणि ड्रिल चालवलं होतं आमच्या नावावर येणाऱ्या बिलात. ४३१२ च्या आधीचे युनिट काकांचे, नंतरचे आमचे. रक्कम छोटी असते पण त्या फोटोचा दुसरा उपयोग मोठा, की ताबा कोणत्या तारखेला मिळाला ते त्यावरून दिसतं.

वाट बघतानाच्या दिवसांत

चावी मिळायच्या आधीचे दिवस वाया घालवू नका. फोनवर जे जे बोलणं होतं ते त्याच दिवशी एका ओळीत लिहून पाठवा. "काका, आत्ता बोलल्याप्रमाणे सुताराचं काम रविवारपर्यंत संपणार आणि सोमवारी चावी." त्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालतं, चूक असतं तर त्यांनी लिहिलं असतं. माझ्याकडे अशा पाच ओळी होत्या, पाच वेगवेगळ्या तारखा, आणि नंतर हिशोबाच्या वेळी त्या पाच तारखा एकाखाली एक लावल्या तेव्हा मला वेगळं काही बोलावंच लागलं नाही.

आणि १ तारखेलाच, म्हणजे वचनाची तारीख उलटली त्याच दिवशी, एक सरळ मेसेज हवा. आम्ही तयार होतो, घर मिळालं नाही, तोपर्यंत पीजीत राहतोय, सामान गोडाऊनला आहे, चावी मिळेल त्या दिवसापासून भाडं धरावं, नक्की तारीख सांगा. यातलं "आम्ही तयार होतो" महत्त्वाचं, कारण नंतर मालक म्हणू शकतो की तुम्हीच उशिरा येणार होतात. माझ्याकडे पॅकर्सची ३१ मेची पावती होती त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

उशीर फारच लांबत असेल तर मुदत घालून द्या, की अमुक तारखेपर्यंत चावी मिळाली नाही तर आम्ही ॲग्रीमेंट रद्द करून डिपॉझिट आणि भाडं परत मागू. मी २० जून दिली होती. ही धमकी म्हणून लिहू नका, खरंच दुसरं घर बघायची तयारी असेल तरच लिहा, कारण मुदत गेल्यावर तुम्ही गप्प बसलात की पुढच्या मुदतीला कोणी विचारत नाही.

"ताबा" म्हणजे नक्की काय

आमचा खरा वाद इथेच झाला. काका म्हणाले, "चावी तर मी १२ तारखेलाच वॉचमनकडे ठेवली होती, तुम्ही आला नाहीत." आणि हे खोटं नव्हतं! चावी होती वॉचमनकडे. पण ती सुतारासाठी होती. मी १३ ला जाऊन बघितलं होतं, किचनचा ओटा प्लायवूडने भरलेला, बेडरूममध्ये अर्धा वॉर्डरोब, आणि सुताराचे दोन पोरं दुपारचं झोपलेले.

ताबा मिळाला असं कधी म्हणायचं याची माझी कसोटी साधी आहे. सगळ्या चाव्या तुमच्याकडे, म्हणजे दुसरं कोणी तुमच्या परवानगीशिवाय आत येऊ शकत नाही. आत दुसऱ्याचं सामान किंवा काम चालू नाही. आणि पाणी-वीज चालू आहे. यातली पहिली गोष्ट नसेल तर ताबाच नाही. दुसरी-तिसरी नसेल तर ताबा अर्धवट, आणि अर्धवट दिवसांवर तडजोड होऊ शकते, पूर्ण भाडं मात्र नाही.

हे सिद्ध कसं करायचं? तिथे जाऊन फोटो काढले होते मी, फोटोवर तारीख-वेळ फोनमध्ये असतेच, ओरिजिनल फोटो डिलीट करू नका, फॉरवर्ड केलेल्या फोटोतून ती माहिती जाते. पण सगळ्यात कामाला आलं ते सोसायटीचं गेटवरचं रजिस्टर. कामगारांची आत-बाहेर नोंद असते त्यात, आणि सुताराची शेवटची एंट्री १६ जून संध्याकाळची होती. सेक्रेटरींना विनंती करून त्या पानांचा फोटो घेतला. लगेच घ्या, कारण ही रजिस्टरं भरली की रद्दीत जातात, आणि ॲपवर नोंदी असतील तर जुन्या नंतर दिसतील याची खात्री नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ॲग्रीमेंटमध्ये १ जून लिहिलंय म्हणून १ जूनला ताबा मिळाला असं आपोआप होत नाही. ती लायसन्सच्या मुदतीची तारीख आहे. पण तुमच्याकडे कागद नसेल तर समोरचा त्याच तारखेला धरून बसणार, आणि काही ॲग्रीमेंटच्या मसुद्यात "आज रोजी ताबा दिला" असं वाक्य आधीच छापलेलं असतं ज्यावर आपण न वाचता अंगठा देतो. म्हणून एवढा खटाटोप.

आता हिशोब

महिन्याचं भाडं भागिले त्या महिन्याचे खरे दिवस, गुणिले ताबा नसलेले दिवस. जून ३० दिवसांचा, म्हणून २६,०००/३० = ८६६ रुपये ६७ पैसे रोज. चावी १७ ला सकाळी मिळाली म्हणून १७ हा आमचा दिवस धरला, ताबा नसलेले दिवस १ ते १६, म्हणजे १६. एकूण १३,८६७. आमचं जूनचं खरं भाडं १४ दिवसांचं, १२,१३३.

महिना ३१ चा असता तर रोजचा दर ८३९ च्या आसपास येऊन रक्कम साडेचारशेने कमी झाली असती. कोणी ३० ने भागा म्हणेल, कोणी ३६५ चा हिशोब काढेल, या फरकावर भांडू नका, तेवढ्यासाठी मूळ मुद्दा मागे पडतो. मेंटेनन्स तुम्ही वेगळा भरत असाल तर तोही याच पद्धतीने कमी करायचा, आमचा भाड्यातच होता.

आता दुसरा खाना. पीजी दोघांचं मिळून रोज १,१०० प्रमाणे १६ रात्री, १७,६००. गोडाऊन ३,२००. सामान गोडाऊनमधून घरी आणायला दुसरा टेम्पो ४,५००. बेरीज २५,३००.

इथे मी पहिल्या ड्राफ्टमध्ये मोठी चूक केली होती. मी लिहिलं होतं की भाड्याचे १३,८६७ सोडा आणि वरून हे २५,३०० पण द्या. मामेभाऊ हसला. म्हणाला, अगं घर वेळेवर मिळालं असतं तर त्या सोळा दिवसांचं १३,८६७ भाडं तू देणारच होतीस ना? ते आता द्यावं लागत नाहीये. मग पीजीतला जादा खर्च फक्त १७,६०० वजा १३,८६७, म्हणजे ३,७३३. राहायला जागा तर दोन्हीकडे लागणारच होती. दोन्ही पूर्ण मागितलंस तर तू सोळा दिवस फुकट राहिल्यासारखं होईल, आणि ते समोरच्या वकिलाला पहिल्या मिनिटात दिसेल.

म्हणून दुरुस्त हिशोब असा: जादा राहण्याचे ३,७३३, गोडाऊन ३,२००, टेम्पो ४,५००, मिळून ११,४३३. त्यात भाड्याचे १३,८६७ मिळवले की एकूण मागणी २५,३००. (दोन्ही पद्धतीने आकडा तोच का येतो ते बघितलंत तर लक्षात येईल की भाडं माफ होणं हीच पीजीच्या खर्चाची मोठी भरपाई आहे.) बाहेरच्या जेवणाचे पैसे मी धरलेच नाहीत. आपण घरी पण जेवतोच, फरक किती ते दाखवता येत नाही, आणि तीन हजारांच्या वडापाव-थाळीच्या बिलांमुळे बाकीचा हिशोब पण ओढूनताणून केल्यासारखा दिसतो.

हिशोब एका पानावर लिहा, वर दोन तारखा, खाली पहिला खाना, त्याखाली दुसरा, बिलांचे फोटो सोबत. लांबलचक कहाणी नको.

मालक काय म्हणतात

"ॲग्रीमेंट १ तारखेपासून आहे" हे पहिलं येतं, त्याचं उत्तर वर दिलं. दुसरं, "काम तुमच्यासाठीच केलं, ट्रॉल्या तुम्हीच वापरणार." हे मला थोडं पटलं पण होतं खरं तर, ट्रॉल्या छान आहेत. पण ट्रॉल्या आम्ही मागितल्या नव्हत्या, भाडं ठरलं तेव्हा त्या नव्हत्या, आणि आम्ही गेल्यावर त्या काकांच्याच राहणार. तुम्हीच काही काम करून मागितलं असेल, पेंट करा, गीझर बदला, तर मात्र ते दिवस सोडून द्यायची तयारी ठेवा, कारण तेव्हा उशीर दोघांच्या सोयीसाठी झालेला असतो.

तिसरं, "माझा पण होम लोनचा हप्ता आहे." यावर मी काहीच बोलले नाही. पुणेरी काकांशी हप्त्यावरून वाद घालून कोणी जिंकलंय का आजवर.

आणि एजंट. त्याने एक महिन्याचं ब्रोकरेज घेतलेलं असतं, तो मध्ये पडायला टाळाटाळ करतो, पण त्याला एकच गोष्ट मागा, की ताबा १ ला ठरला होता आणि १७ ला दिला एवढं व्हॉट्सॲपवर लिहून दे. बाजू घे म्हणू नका, फक्त तारखा. आमच्या एजंटने दिलं लिहून, कारण त्यात त्याचं काही जात नव्हतं.

समायोजन कुठे करायचं, आणि एक सापळा

काकांनी पहिली ऑफर दिली ती अशी: "सोळा दिवस शेवटी जास्त राहा, १६ मेपर्यंत, भाडं नको." ऐकायला बरोबर वाटतं. घेऊ नका.

रजिस्टर्ड ॲग्रीमेंट ३० एप्रिलला संपतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सीने घर सोडलं नाही तर मालक ताबा मागू शकतो आणि राहिलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे मागू शकतो. आज काका चांगले आहेत. एप्रिलमध्ये त्यांना जास्त भाडं देणारा कोणी मिळाला तर? किंवा त्यांच्या जागी त्यांचा मुलगा बोलायला आला तर? तोंडी "१६ मेपर्यंत राहा" याला तेव्हा काय किंमत. शेवटची तारीख खरंच बदलायची असेल तर ती लेखी आणि रजिस्टर करूनच, आणि सोळा दिवसांसाठी तो खर्च-खटाटोप कोणी करत नाही. शिवाय मे महिन्यात तुम्हाला ते दिवस लागतीलच असं कुठे आहे.

दुसरी ऑफर "डिपॉझिट परत देताना बघू." हे पण नको. डिपॉझिट परत घेताना आधीच पेंटिंग, खिळ्यांची भोकं, तुटलेला नळ असा वेगळा तमाशा असतो, त्यात अकरा महिन्यांपूर्वीचे सोळा दिवस बुडून जातात.

सरळ मार्ग म्हणजे पुढच्या भाड्यातून वळतं करणं. जून पूर्ण भरलेला होता म्हणून जुलैच्या भाड्यातून.

यातही एक मर्यादा पाळा. मालक काहीच उत्तर देत नसेल तर पहिल्या खान्याची रक्कम, म्हणजे दिवसांचं भाडं, हिशोब पाठवून, आठवडाभर वाट बघून, आधी कळवून पुढच्या भाड्यातून वजा करण्यात तुमची बाजू बरी असते. पण दुसऱ्या खान्याची भरपाई स्वतःच्या मनाने कापू नका. ती रक्कम अजून कोणी मान्य केलेली नाही, आणि ती कापली की तुमच्यावर भाडं थकवल्याचा शिक्का बसतो. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये भाडं थकलं तर लायसन्स रद्द असं कलम असेलच, ते आधी वाचा, काहींमध्ये "कोणतीही वजावट न करता" असे शब्द असतात, तसे असतील तर पहिला खानाही न कापता पूर्ण भाडं भरा, सोबत लिहा की हे हक्क राखून भरतोय, आणि पैसे परत मागा. पूर्ण भाडं बंद करून बसणं तर अजिबातच नको, सोळा दिवसांचा बरोबर असलेला माणूस महिनाभराचा चुकीचा होतो.

आमचं काय ठरलं

काका आधी ११ दिवसांवर अडले होते, म्हणजे १२ ला वॉचमनकडे चावी. गेट रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला तेव्हा चष्मा लावून दोनदा बघितला आणि १६ दिवस मान्य केले. जादा खर्चातले पीजी आणि गोडाऊनचे पैसे द्यायला तयारच नव्हते, टेम्पोचं पटलं त्यांना, शेवटी ५,००० वर थांबलो. म्हणजे २५,३०० पैकी १८,८६७ मिळाले. मामेभावाच्या मते उरलेल्या साडेसहा हजारांसाठी वकिलाची नोटीस पण परवडत नाही, आणि मला त्या घरात अजून दहा महिने राहायचं होतं.

ठरल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल केला: ताबा १७ जूनला मिळाला, १ ते १६ जूनचं भाडं १३,८६७ आणि खर्चापोटी ५,००० असे एकूण १८,८६७ जुलैच्या भाड्यातून वजा होतील, जुलैत ७,१३३ भरणार, ऑगस्टपासून नेहमीप्रमाणे २६,०००, डिपॉझिट आणि ॲग्रीमेंटच्या बाकी अटी आहेत तशाच, या उशिराबद्दल दोघांचं आणखी काही येणं नाही. "मान्य" एवढं उत्तर मागितलं आणि मिळालं. ते शेवटचं वाक्य मालकासाठी असतं, ते लिहिलंत की सही लवकर मिळते. पैसे पाठवताना ट्रान्सफरच्या रिमार्कमध्येही "जुलै भाडे, जूनचे समायोजन वजा" असं लिहिलं.

भाड्याच्या पावत्या एचआरएसाठी ऑफिसात देत असाल तर जूनची पावती १२,१३३ चीच घ्या, २६ हजारांची नको, कारण तेवढं भाडं तुम्ही दिलेलंच नाही. काका सवयीने सगळ्या महिन्यांच्या सारख्या पावत्या फाडून देत होते, परत करून घेतल्या.

नाहीच ऐकलं तर

रक्कम मोठी असेल, म्हणजे उशीर दीड-दोन महिन्यांचा किंवा भाडं मोठं, तर वकिलामार्फत नोटीस, आणि मग कोर्ट. लायसन्स देणारा आणि घेणारा यांच्यातले भाडं-ताब्याचे वाद लघुवाद न्यायालयात जातात, पण फक्त भरपाईचा दावा तिथे लावायचा की दिवाणी कोर्टात हे तुमच्या शहरातल्या वकिलालाच विचारा. करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घर सोडल्यानंतर शांतपणे मागितलं तरी चालतं, घरात राहत असताना रोज जिन्यात तोंड चुकवण्यापेक्षा काहींना ते बरं वाटतं. व्हॉट्सॲपचे मेसेज कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकून टाकू नका आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

ॲग्रीमेंट रजिस्टरच झालं नसेल तर घाबरू नका. १९९९ च्याच कायद्याचं कलम ५५ (हे वेगळं ५५, मगाचं कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं) सांगतं की रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि ते केलं नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "ताबा मिळाल्यापासून भाडं असं ठरलं होतं" हे तुमचं म्हणणं तिथे वजनदार होतं.

पुढच्या ॲग्रीमेंटच्या वेळी मी एक ओळ टाकून घेणार आहे, एजंटला मसुदा पाठवायला सांगायचा आणि त्यात लिहायचं: "लायसन्स शुल्क सर्व चाव्यांसह रिकाम्या जागेचा प्रत्यक्ष ताबा मिळाल्याच्या तारखेपासून देय राहील, ठरलेल्या तारखेनंतर १० दिवसांत ताबा न मिळाल्यास लायसन्सीला करार रद्द करून भरलेली सर्व रक्कम परत घेता येईल." आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन येणाऱ्या मुलींना मी ही ओळ दिली, त्यांच्या मालकाने आधी का-कू केलं आणि मग १० चे १५ दिवस करून सही केली.